सिस्टर ‘नाही’ म्हणते तेव्हा

माझी मोठी मावशी पांढुर्णा-सौंसर पट्ट्यातल्या एका सरकारी दवाखान्यात सिस्टर होती. कोणत्या ते सांगत नाही, कारण त्यावेळचे लोक अजून तिथं आहेत. लग्न होऊन ती कॅथलिक घरात गेली. आम्ही बाकीचे चर्च ऑफ नॉर्थ इंडियाचे. एका दुपारी डॉक्टरांनी तिला ओटीत बोलावलं. पिशवी साफ करायची केस होती, दहा-अकरा आठवड्यांची. मावशीनं ट्रे लावला, सिरिंज आणि कॅन्युला मांडल्या, बाईला टेबलावर घेतलं, आणि मग तिच्या हातून पुढचं होईना. ती म्हणाली, “साहेब, मले हे नाही जमत.” डॉक्टर भोपाळकडचे. ते म्हणाले, “सिस्टर, ये क्या नया तमाशा है? अभी बोल रही हो?” मावशी म्हणाली, “पाप आहे ते.” शेवटी दुसऱ्या सिस्टरला जेवणावरून उठवून आणलं आणि काम झालं.

मावशी ही गोष्ट मला पहिल्यांदा सांगत होती तेव्हा मला वाटलं, ती स्वतःच्या धाडसाचं सांगते आहे. तसं नव्हतं. तिच्या मनाला लागलेली गोष्ट वेगळीच होती. टेबलावरची बाई जागी होती. तिला गुंगी दिलेली नव्हती, फक्त सुन्न करायचं इंजेक्शन द्यायचं होतं. “पाप आहे” हे तिनं ऐकलं. ती संत्र्याच्या बगिच्यात मजुरी करणारी, तीन लेकरांची आई. मावशी म्हणायची, “माझं म्हणणं डॉक्टरले सांगायचं होतं, ते मी त्या बाईले सांगून बसली.”

नर्सला तिच्या श्रद्धेविरुद्धच्या कामाला नकार देता येतो का, हा प्रश्न आपल्या सोसायटीच्या एका चर्चेत निघाला होता. तेव्हा अर्धे जण म्हणाले, “येतोच, घटनेत आहे ना,” आणि अर्धे म्हणाले, “नोकरी घेतली की संपलं.” दोन्ही अर्धवट आहे. म्हणून जरा नीट सांगतो.

आधी शब्दाचं पाहू, कारण आपली सोसायटी साहित्याची आहे. संविधानाच्या अनुच्छेद 25 मध्ये जे स्वातंत्र्य दिलं आहे, त्याला मराठीत ‘सदसद्विवेकबुद्धीचे स्वातंत्र्य’ म्हणतात. मावशी मध्य प्रदेशात नोकरीला, तिचे सगळे अर्ज हिंदीत. हिंदी संविधानात तिथं ‘अंतःकरण’ असा शब्द आहे. दोन्ही शब्द एकाच हक्कासाठी असले तरी ऐकायला फार वेगळे. अंतःकरण म्हटलं की भावना वाटते, मला आतून नको वाटतं एवढंच. सदसद्विवेकबुद्धी म्हटलं की काय सत् आणि काय असत् हे निवडायचं काम आलं, विचार आला. मला मराठी शब्द जास्त बरोबर वाटतो. नुसती शिसारी येणं आणि विवेकानं नकार देणं यात फरक आहे, आणि पुढचं सगळं त्या फरकावरच चालतं.

आता त्या अनुच्छेदाची सुरुवात वाचा. हे स्वातंत्र्य सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य यांच्या अधीन आहे. आरोग्य हा शब्द तिथं स्पष्ट लिहिलेला आहे. विवेकस्वातंत्र्याचा आपल्याकडचा सगळ्यात नावाजलेला खटला 1986 चा, बिजो इमॅन्युएलचा. केरळातली तीन भावंडं, यहोवाचे साक्षीदार पंथाची. शाळेत राष्ट्रगीताला ती आदरानं उभी राहत, पण गात नसत. शाळेनं काढून टाकलं, सुप्रीम कोर्टानं परत घ्यायला लावलं. तो निकाल वाचून आपल्याला वाटतं की मग मावशीचंही तसंच. पण ती मुलं गायली नाहीत म्हणून बाजूच्या बाकावरच्या पोराचं काही गेलं नाही. मावशीच्या नकाराच्या दुसऱ्या टोकाला टेबलावर एक बाई होती. म्हणून तो निकाल इथं जसाच्या तसा लावता येत नाही.

मग गर्भपाताचा कायदा काय म्हणतो? आपला वैद्यकीय गर्भपात कायदा 1971 चा, अमलात आला 1 एप्रिल 1972 ला. त्यामागे शांतिलाल शाह समितीचा अहवाल होता, आणि हे शाह महाराष्ट्राचे आरोग्यमंत्री. कायद्याची रचना लक्षात घ्यायला हवी. फौजदारी कायद्यात गर्भपात करवणं हा गुन्हा होता आणि आजही आहे. 1971 चा कायदा एवढंच म्हणतो की अमुक अटींत, अमुक जागी, नोंदणीकृत डॉक्टरनं केला तर तो गुन्हा नाही. म्हणजे कायदा डॉक्टरला संरक्षण देतो. नर्सनं मदत केलीच पाहिजे असं त्यात कुठंही नाही. आणि नर्सला नकार देता येईल असंही कुठं नाही. नर्सवरचं बंधन येतं ते तिच्या नोकरीतून: ड्युटी लिस्ट, वरिष्ठांचा हुकूम, सेवानियम. हुकूम मोडला तर ‘कारण बताओ’ नोटीस येते, आणि त्या नोटिशीला उत्तर देताना दाखवायला 1971 च्या कायद्यात तिच्या बाजूचं एक कलमही नाही.

इंग्लंडचा कायदा आपल्या चार वर्षं आधीचा, 1967 चा. त्यात मात्र चौथं कलम याच गोष्टीसाठी आहे. ज्याचा विवेक आड येतो त्याच्यावर अशा उपचारात भाग घेण्याचं बंधन नाही, मात्र आपला विरोध विवेकाचा आहे हे त्यानं सिद्ध करायचं. आणि बाईचा जीव वाचवायला किंवा तिला कायमची गंभीर इजा होऊ नये म्हणून करायचं काम असेल तर ही सूट नाही. आपल्या कायद्यात हे कलम नाही.

डॉक्टरांच्या बाबतीत तर आपल्याकडे उलटा नियम आहे, आणि तो फार कमी लोकांना माहीत असतो. भारतीय वैद्यक परिषदेच्या 2002 च्या आचारनियमांत 7.15 क्रमांकाचं कलम आहे. त्याचा मतलब असा: वैद्यकीय गरज असेल तर नोंदणीकृत डॉक्टरनं निव्वळ धार्मिक कारणावरून नसबंदी, संततिनियमन, सुंता किंवा गर्भपात करायला किंवा त्यात मदत करायला नकार देऊ नये. अपवाद एकच, आपल्याला ते काम येत नाही असं त्याला वाटत असेल तर. हे नियम डॉक्टरांचे आहेत, नर्सला ते लागू नाहीत. पण ज्या डॉक्टरला स्वतःला धर्माचं कारण देता येत नाही, तो सिस्टरचं कारण कानाआड करणार, हे समजण्यासारखं आहे. मावशीच्या डॉक्टरांना मी म्हणूनच फार दोष देत नाही.

आणि यात एक गंमत अशी की आपल्याकडे संस्थेला सूट आहे, माणसाला नाही. सरकारी दवाखान्याला गर्भपातासाठी वेगळी मान्यता लागत नाही, खासगीला लागते. एखाद्या मिशन हॉस्पिटलला हे काम करायचं नसेल तर त्यानं मान्यतेचा अर्ज करायचा नाही, विषय संपला. कोणी नोटीस देत नाही. फक्त बाईचा जीव तात्काळ वाचवायचा असेल तर कायद्याचं पाचवं कलम मान्यता नसलेल्या जागीही डॉक्टरला मोकळीक देतं, आणि तेव्हा “आमच्याकडे होत नाही” हे उत्तर चालत नाही. म्हणजे हॉस्पिटलच्या ट्रस्टींचा विवेक सुरक्षित आहे, आणि सरकारी नोकरीतल्या एकट्या सिस्टरचा नाही. मला हे उफराटं वाटतं.

आता खरा प्रश्न. समजा सूट द्यायचीच ठरलं, तर कशापासून? ‘मदत’ म्हणजे नेमकं काय? गर्भपाताच्या एका केसमध्ये सिस्टरची कामं मोजली तर पुष्कळ निघतात. नाव नोंदवणं, संमतीचा फॉर्म भरून घेणं, बीपी पाहणं, उपकरणं निर्जंतुक करणं, ट्रे लावणं, टेबलाशी उभं राहून हातात सामान देणं, गोळ्या देणं, नंतर रक्तस्राव पाहणं, चहा-बिस्कीट देणं, पुढच्या खेपेला काय काळजी घ्यायची ते सांगणं. यातलं कुठपर्यंत विवेक आड येऊ शकतो?

हे सगळ्यात बारकाईनं तपासलं गेलं ते ग्लासगोच्या खटल्यात. मेरी डूगन आणि कन्सेप्टा वुड या दोन कॅथलिक सुईणी तिथल्या सदर्न जनरल हॉस्पिटलमध्ये होत्या. दोघींनी आपला विरोध आधीपासून लेखी नोंदवून ठेवला होता. पुढे त्या लेबर वॉर्डाच्या को-ऑर्डिनेटर झाल्या, म्हणजे आपल्याकडच्या वॉर्ड इन्चार्जसारखं पद. नंतर उशिराचे गर्भपात लेबर वॉर्डात करायचं ठरलं, दुसरं एक प्रसूती रुग्णालय बंद झालं, आणि या केसेस वाढल्या. त्या म्हणाल्या, आम्ही स्वतः हात लावणार नाही हे तुम्हाला मान्यच आहे, पण या कामावर दुसऱ्या सुईणी लावणं, त्यांच्यावर देखरेख ठेवणं, त्यांना आधार देणं हेही आम्हाला सांगू नका. तेही भाग घेणंच आहे.

2012 मध्ये त्या हरल्या, 2013 मध्ये अपिलात जिंकल्या, आणि 17 डिसेंबर 2014 ला ब्रिटनच्या सुप्रीम कोर्टानं तो निकाल फिरवला. निकाल लेडी हेल यांनी लिहिला. त्यांनी दोन रेषा आखल्या. पहिली वेळेची: उपचार सुरू होतो तो कळा आणण्याचं औषध देण्यापासून, आणि संपतो गर्भ, वार सगळं बाहेर येण्याबरोबर. दुसरी हाताची: भाग घेणं म्हणजे त्या काळात प्रत्यक्ष हातानं काम करणं. त्या काळात औषध देणं, वेदना कमी करणं, चिमटा लावताना शेजारी उभं राहणं, या सगळ्यातून सूट. पण बुकिंग घेणं, ड्युटी लावणं, देखरेख करणं आणि काम आटोपल्यावर त्या बाईची नेहमीची शुश्रूषा करणं, यातून सूट नाही. शिवाय त्यांनी सांगितलं की विवेकाचं कारण देणाऱ्यानं ती केस तसा विरोध नसलेल्या सहकाऱ्याकडे सोपवायची असते. नुसतं बाजूला होऊन चालत नाही.

याच्या आधी, 1980 च्या दशकात, सॅलफर्डला एका डॉक्टरकडे काम करणाऱ्या जॅनवे नावाच्या सेक्रेटरीनं गर्भपातासाठी पाठवायची चिठ्ठी टाईप करायला नकार दिला होता. तीही हरली. कोर्टाचं म्हणणं, टाईप करणं म्हणजे उपचारात भाग घेणं नव्हे.

हा निकाल वाचून आपल्यातल्या काहींना राग येईल. डूगनबाईंचं म्हणणं खोटं नव्हतं. हुकूम देणारा हातानं काम करणाऱ्याइतकाच जबाबदार असतो, हे आपण इतर बाबतीत मानतोच. आणि कॅथलिक शिकवण तर आणखी पुढं जाते: 1995 च्या ‘इव्हँजेलियम व्हिटे’ या परिपत्रकात पोप जॉन पॉल दुसरे म्हणतात की असा नकार देणाऱ्याला नुसत्या शिक्षेपासूनच नाही, तर नोकरीतल्या आणि पैशाच्या नुकसानीपासूनही संरक्षण हवं. तरी मला लेडी हेल यांची रेषा वापरण्याजोगी वाटते. कारण सूट जितकी लांबपर्यंत ओढाल तितकी ती बाई एकटी पडत जाते, आणि एका टप्प्यावर तिचं बीपी पाहायलाही कोणी उरत नाही.

हीच रेषा आपल्याकडे आणून पाहू. पांढुर्णा आणि सौंसर हे दोन्ही तालुके 5 ऑक्टोबर 2023 पासून छिंदवाड्यातून निघून पांढुर्णा या नव्या जिल्ह्यात आले. जिल्हा झाला, पण लोकांची मोठ्या दवाखान्याची वाट अजून नागपूरचीच. ग्लासगोला एक सुईण बाजूला झाली तर त्याच मजल्यावर दुसरी असते. इथं तालुक्याच्या दवाखान्यात दुपारच्या शिफ्टला दोन सिस्टर, त्यातली एक प्रसूतीत अडकलेली. तिथं दुसरी ‘नाही’ म्हणाली तर तिचा नकार म्हणजे पूर्ण दवाखान्याचा नकार होतो.

आणि गर्भपातात वेळ हा नुसता गैरसोयीचा प्रश्न नाही. समजा गुरुवारी एक बाई आली. शेवटच्या पाळीपासून मोजून 60 दिवस. गोळ्यांनी करायची मुदत आपल्या नियमांत 9 आठवडे, म्हणजे 63 दिवस. ड्युटीवरची सिस्टर म्हणाली, “आज नाही, सोमवारी ये, दुसरी सिस्टर राहील.” ऐकायला साधं वाटतं. सोमवारी 64 वा दिवस. गोळ्यांची मुदत गेली, आता ओटी, टेबल आणि सिरिंज. जे काम दवाखान्यातून गोळ्या नेऊन झालं असतं त्याला आता हात लावावा लागणार. म्हणजे सिस्टरला जी गोष्ट नको होती, तिच्याच अधिक अवघड रूपाकडे तिनं त्या बाईला ढकललं.

दुसरी बाई बुधवारी आली, 19 आठवडे 4 दिवस. गर्भनिरोधक साधन फसलं हे कारण. 20 आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत पुरतं. 2021 च्या दुरुस्तीनंतर 20 ते 24 आठवड्यांत दोन डॉक्टर लागतात, आणि बाई नियमांत दिलेल्या प्रकारांपैकी असावी लागते: बलात्कारपीडित, अल्पवयीन, गरोदरपणात वैधव्य किंवा घटस्फोट आलेली, अपंग वगैरे. या बाईला “पुढच्या बुधवारी ये” म्हटलं की 20 आठवडे उलटून गेले, आणि ती त्या प्रकारांत बसत नसेल तर कायद्याचं दार बंद झालं. मग ती कोणाकडे जाईल हे आपल्या भागातल्या कोणालाही सांगायला नको. एका आठवड्याचा फरक, आणि नकार देणाऱ्या सिस्टरला कदाचित पत्ताही नसेल.

म्हणून मला असं वाटतं की आपल्या भागात विवेकाचा नकार टेबलाशी उभं राहून देण्याची गोष्ट नाहीच. तो आधी द्यायचा. पोस्टिंग होताच, किंवा लेबर रूमची ड्युटी लागताच, वरिष्ठांना लेखी द्यायचं, आणि त्यात “मी गर्भपाताचं काही करणार नाही” असं मोघम लिहायचं नाही. काय करणार नाही ते लिहायचं: गोळ्या देणार नाही, टेबलाशी उभं राहून सामान देणार नाही. आणि काय करणार तेही लिहायचं: बीपी-नाडी पाहीन, नंतरची शुश्रूषा करीन, रक्तस्राव वाढला तर धावून जाईन, ड्युटीवर दुसरी कोणी नसेल तर त्याच वेळी डॉक्टरांना सांगून सोय होईपर्यंत बाईला सोडणार नाही. असा अर्ज मंजूर होईलच याची हमी नाही, कारण कायद्यात आधार नाही. पण इन्चार्जला ड्युटी लावायला त्यातून काहीतरी मिळतं, आणि पुढे नोटीस आली तर तो ऐन वेळचा बहाणा नव्हता याचा पुरावा राहतो. आंतरराष्ट्रीय नर्स परिषदेच्या 2021 च्या आचारसंहितेचाही सूर असाच आहे: विशिष्ट कामाला नकार देता येतो, पण रुग्णाला वेळेवर आणि सन्मानानं उपचार मिळतील हे पाहायचं.

नकार विवेकाचा आहे की दुसऱ्याच कशाचा, हे ओळखायची एक खूण आहे. विवेकाचा नकार कामाला असतो, बाईला नसतो. एखादी सिस्टर विवाहित बाईच्या केसला उभी राहते आणि अविवाहित मुलगी आली की तिची श्रद्धा जागी होते, तर ती श्रद्धा नव्हे, तो निवाडा आहे. सुप्रीम कोर्टानं 29 सप्टेंबर 2022 च्या निकालात अविवाहित बाईला 20 ते 24 आठवड्यांत तोच हक्क आहे हे स्पष्ट केलं आहे. आणि वॉर्डात जाऊन कुजबुजणं तर त्याहून वाईट. गर्भपात केलेल्या बाईचं नाव डॉक्टरनं उघड केलं तर कायद्यात त्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही आहे. दवाखान्याचं ते रजिस्टर गोपनीय मानलं जातं आणि संमतीचा फॉर्म पाकिटात सीलबंद ठेवायचा असतो. पांढुर्ण्यासारख्या गावात, जिथं सिस्टर आणि बाई एकाच बाजारात भाजी घेतात, तिथं ही गोपनीयता महत्त्वाची आहे. आमच्या चर्चमध्येही या विषयावर बोलताना कोणीतरी हटकून “त्या अमकीचं ऐकलं का” असं सुरू करतं. तिथंच थांबवायला हवं.

उलट काही नकार असे आहेत की ज्यांना विवेकाचं कारण द्यायचीही गरज नाही. सोनोग्राफीत मुलगी कळली म्हणून पाडायला आलेली केस असेल तर लिंगनिदान हाच गुन्हा आहे. तिथं सिस्टर कायद्यानं नाही म्हणू शकते, नव्हे, म्हटलंच पाहिजे.

आणि एक ठिकाण असं की तिथं विवेकाचं नाव घ्यायलाच जागा नाही. मेडिकलमधून गोळ्या आणून घरी घेतलेली, अर्धवट पडलेलं, पॅडवर पॅड भिजवत रात्री दवाखान्यात आलेली बाई. तिचा गर्भपात आता कोणी करत नाही आहे, तो होऊन गेला आहे. उरलं आहे ते तिला जगवणं. पण “स्वतःहून केलं ना, मग भोग” हे वाक्य अशाच बाईला सगळ्यात जास्त ऐकावं लागतं. इथं मला बेळगावची सविता हलप्पनवार आठवते. दंतवैद्य होती, वय 31, आयर्लंडमध्ये गॉलवेला राहायची. 21 ऑक्टोबर 2012 ला 17 आठवड्यांची गरोदर असताना गर्भ वाचणार नाही अशा अवस्थेत ती तिथल्या हॉस्पिटलमध्ये दाखल झाली. तिनं गर्भपात मागितला. गर्भाचे ठोके चालू आहेत, कायद्यात बसत नाही, म्हणून नाकारला. जंतुसंसर्ग अंगभर पसरून 28 ऑक्टोबरला ती गेली. नकार तिथल्या कायद्याचा होता, एका नर्सच्या विवेकाचा नव्हता, हे न्यायानं सांगायला हवं. पण हा देश कॅथलिक आहे असं तिला एका सुईणीनं सांगितलं होतं, आणि त्या सुईणीनं मृत्यूच्या चौकशीत ते कबूल करून खेदही व्यक्त केला. तिनं ते वाक्य दुष्टाव्यानं म्हटलं नसेल. मावशीनंही म्हटलं नव्हतं.

2018 मध्ये सार्वमत घेऊन आयर्लंडनं कायदा बदलला. नव्या कायद्यात डॉक्टर, नर्स आणि सुईण यांच्यासाठी विवेकाचं कलम आहे. त्यात तीन गोष्टी एकत्र आहेत: सहभागी व्हायची सक्ती नाही, बाईची दुसरीकडे सोय लवकरात लवकर लावून द्यायची, आणि तातडीच्या प्रसंगी सूट नाही. इतक्या दुःखातून गेलेल्या देशानं नर्सचा विवेकही ठेवला आणि बाईची वाटही ठेवली. आपल्याकडे असं कलम आलं तर सिस्टरांनाच नव्हे, इन्चार्जनाही सोपं जाईल. पण ते नागपूरपेक्षा पांढुर्ण्याकडे पाहून लिहावं लागेल. ज्या दवाखान्यात दुसरी सिस्टर नाही तिथं सोय कोण आणि किती दिवसांत लावणार, हे त्यात नसेल तर ते कलम बायांच्या जिवावर उठेल.

मावशीचं पुढं काय झालं ते सांगतो. त्या दुपारनंतर तिनं आठ दिवसांनी अर्ज लिहिला, हिंदीत. ‘अंतःकरण’ हा शब्द तिनं दोनदा खोडून तिसऱ्यांदा लिहिला, कारण तिला तो भारी वाटत होता. अर्जावर सही-शिक्का काही झाला नाही. इन्चार्ज सिस्टर म्हणाल्या, “कागद राहू दे माह्याजवळ. पण तुह्या वाटणीचं काम करणारीले तू काय देशील?” मावशीनं यावर विचारच केला नव्हता. ज्या सिस्टरला त्या दिवशी जेवणावरून उठवलं होतं ती सावरगावकडची. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीवर गोटमार असते आणि दवाखान्यात दिवसभर फुटकी डोकी येतात. तिचे दोन भाऊ नदीवर जायचे, म्हणून त्या दिवशीची ड्युटी तिला नको असायची. मावशीनं ती घेतली. रिटायर होईपर्यंत दर वर्षी गोटमारीची ड्युटी मावशीची, आणि ओटीतल्या त्या केसेस दुसरीच्या. केस आटोपली की बाईला खाटेवर घेणं, पॅड पाहणं, गरम दूध देणं हे मावशीच करायची.

ती संत्र्याच्या बगिच्यातली बाई पुन्हा एकदा दवाखान्यात आली होती, धाकट्या लेकराला ताप म्हणून. मावशीनं तिला ओळखलं. तिनंही ओळखलं असावं, कारण ती दुसऱ्या सिस्टरच्या रांगेत जाऊन उभी राहिली.